बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या माणसाला दारात पहिलं काय बोलावं?

शाद्यांचे दिवस आले की सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांची दारं उघडीच राहतात. कुणी मुंबईहून येतं, कुणी पुण्याहून, कुणी आखातातून. काही जण तर आठ-दहा वर्षांनी गावाकडं येतात. अशा माणसाला दारात बघितल्यावर आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, एवढ्या एकाच गोष्टीवर आज लिहितोय. विषय छोटा वाटेल, पण आमच्याच घरात या एका वाक्यानं काय झालं ते आधी सांगतो.

मिरजेत आमच्या धाकट्या भावाचा निकाह होता. आमच्या खालाची मुलगी, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, दम्मामहून नऊ वर्षांनी आली. रात्री मुंबईत महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून ती पहाटे मिरजेला उतरली आणि रिक्षानं घरी आली. दारात मोठी चाची उभी होती. आपानं सलाम केला. त्याचं उत्तर द्यायच्या आधीच चाची म्हणाली, "अगे मा! पछानीच नै मै. कित्ती फूल गई गे तू!" सगळे हसले. आपाही हसली.

मग ते वाक्य घरभर फिरलं. एकीनं मोबाइलमधून आपाच्या शादीचा जुना फोटो काढून आताच्या चेहऱ्याशी ताडून बघितला. दुसरी म्हणाली, "उम्र भी दिखने लगी गे अब." एका मामूंनी "आखातातलं जेवण मानवलंय" अशी मस्करी केली. कुणाच्याच मनात वाईट काही नव्हतं. पण दावतीत आपा मागच्या रांगेत बसली, घरच्यांच्या फोटोला उभी राहिली नाही आणि वलीम्याच्या आदल्या संध्याकाळीच सासरी साताऱ्याला निघून गेली. आम्हाला वाटलं, सासरची घाई असेल.

खरी गोष्ट पाच-सहा दिवसांनी खालानं फोनवर सांगितली. आपाला दोन वर्षांपासून संधिवात होता. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. या गोळ्या जास्त दिवस घेतल्या की चेहरा गोल होतो, गालांवर सूज दिसते, पोटाभोवती आणि मानेच्या मागं चरबी साठते. भूकही वाढते. आपाच्या अंगावर जे दिसत होतं ते खाण्याचं नव्हतं, औषधाचं होतं. मिरजेहून साताऱ्याला गेल्यावर तिनं त्या गोळ्या कुणाला न विचारता एकदम बंद केल्या. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा व्हावा, एवढंच तिला वाटत होतं.

स्टेरॉइडची गोळी अशी तोडता येत नाही. बाहेरून औषध मिळत असतं तेव्हा शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं कमी करतं. म्हणून डॉक्टर गोळी हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेतात. एकदम बंद केली तर रक्तदाब उतरतो, उलट्या होतात, चक्कर येते आणि जिवावरही बेतू शकतं. आपाचं तेच झालं. तिला साताऱ्यात दवाखान्यात भरती करावं लागलं. अल्लाहच्या कृपेनं ती वाचली. चाची तीन रात्री तिच्या उशाशी बसून होती. रडत होती आणि एकच बोलत होती, "मैं तो लाड से बोली थी."

चाचीचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं.

ही सवय आली कुठून?

आपल्याकडं, विशेषतः माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात, अंगावर मांस असणं ही सुखाची खूण होती. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्यांच्या काळात सासरहून आलेल्या मुलीला आई पहिलं विचारायची, "किती वाळलीस गं, पोटाला मिळतं ना?" हा मुलीच्या हालाचा तपास असायचा. सगळ्यांसमोर तिला सासूविरुद्ध बोलता येत नव्हतं, म्हणून आई तिच्या हाडांकडं बघून समजून घ्यायची. तसंच "अंग धरलंय, तब्येत सुधारली" म्हणजे मुलगी सुखात आहे असा दिलासा. खात्यापित्या घरची, हे तर कौतुकच होतं.

तेव्हा या बोलण्याला अर्थ होता, कारण अंगावरची खूण आणि घरातली हालत जुळत होती. आता ती जुळत नाही. वजन थायरॉइडनं वाढतं, बाळंतपणानंतर वाढतं, स्टेरॉइडनं वाढतं, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही वाढतं. मधुमेह वेळेवर कळला नाही तर माणूस खात असूनही वाळत जातो. क्षयरोगानं वाळतो, काळजीनं वाळतो. किमोथेरपीनं केस जातात. समोरच्याच्या अंगावर काय बदललंय ते आपल्याला दिसतं, पण का बदललंय ते दारात उभं राहून कळत नाही. आपण जुन्याच खुणेनं नवीन माणूस वाचतो आणि वाचन चुकतं.

म्हणून "किती बारीक झालीस, छान दिसतेस!" हे कौतुकही जपून ठेवावं. बारीक होण्यामागं आजार असेल तर तिला आपल्या दुखण्याबद्दल शाबासकी मिळाल्यासारखं वाटतं. "तू अजून तश्शीच आहेस" हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. पण चार बहिणी एकत्र उभ्या असताना एकीलाच ते म्हटलं, तर उरलेल्या तिघींनी काय समजायचं?

दीन काय शिकवतो?

सूरह अल-हुजुराततल्या अकराव्या आयतीत पुरुषांना आणि स्त्रियांना वेगवेगळं सांगितलंय की एकमेकांची थट्टा करू नका, टोमणे मारू नका, वाईट नावं ठेवू नका. ज्याची थट्टा होते तो थट्टा करणाऱ्यापेक्षा चांगला असू शकतो, हे कारणही तिथं दिलंय. आपण ही आयत मोठ्या भांडणांसाठी ठेवून देतो आणि "जाड्या", "काळी", "टकल्या" ही घरातली नावं मात्र लाडाची समजतो.

अबू दाऊदमधली एक हदीस याहून थेट आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी हजरत सफिया (रजि.) यांच्याबद्दल बोलताना त्या ठेंगण्या असल्याचा इशारा केला. प्रेषित (स.) यांनी त्यांना तिथंच थांबवलं. तो शब्द समुद्राच्या पाण्यात मिसळला तर समुद्राचं पाणीही बिघडेल, अशा आशयाचं त्यांनी सांगितलं. उंची कमी असणं खरं होतं. शब्दही फार नव्हते, आणि सफिया (रजि.) तिथं ऐकायलाही नव्हत्या. तरी तो शब्द एवढा जड ठरला. "खरंच आहे ते, त्यात काय?" हे आपलं नेहमीचं उत्तर इथं चालत नाही.

दुसरी गोष्ट बारीक अंगाची. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) मिस्वाकसाठी झाडावर चढले होते. वाऱ्यानं कपडा हलला, त्यांच्या काटकुळ्या पिंढऱ्या दिसल्या आणि खालचे लोक हसले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की याच पिंढऱ्या कयामतीच्या दिवशी तराजूत उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. मुस्नद अहमदमध्ये ही हदीस आहे. हसणारे परके नव्हते, सोबतीच होते.

बारा-तेरा वर्षांनी झालेली भेट

आपल्या विषयाच्या अगदी जवळचा प्रसंग हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांचा आहे. ते प्रेषितांचे (स.) चुलतभाऊ. मक्केतल्या छळामुळं ते बायकोसह हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या मुलखात गेले. तिथून परत आले ते हिजरी 7 मध्ये, म्हणजे इ.स. 628 मध्ये, खैबर जिंकलं गेलं त्या सुमाराला. मधे बारा-तेरा वर्षं गेली होती. तरुणपणी गेलेला भाऊ आता मुलंबाळं असलेला, परक्या मुलखात राहून आलेला माणूस होता. चेहरा नक्कीच बदलला असणार.

प्रेषितांनी (स.) त्यांना जवळ घेतलं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि आनंद बोलून दाखवला. आशय असा, की खैबर जिंकल्याचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हे मला सांगता येत नाही. जाफर (रजि.) कसे दिसतात, याच्यावर त्या वाक्यात काही नाही. तू आलास, ही गोष्ट आमच्यासाठी केवढी मोठी आहे, एवढंच आहे.

त्याच जहाजातून त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) आल्या होत्या. त्या हजरत हफ्सा (रजि.) यांना भेटायला गेल्या असताना हजरत उमर (रजि.) आले. ही हबशाहून आलेली का, समुद्रावरून आलेली का, असं विचारून ते म्हणाले की हिजरतीत आम्ही तुमच्या पुढं राहिलो, प्रेषितांवर आमचा हक्क जास्त. हे बोलणं रूपावर नव्हतं. पण इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला उणं दाखवणारं होतं, आणि अस्मा (रजि.) यांना ते लागलं. त्या गप्प बसल्या नाहीत. तुम्ही प्रेषितांच्या सावलीत होता, आम्ही दूर परक्या मुलखात हाल काढत होतो, असं त्यांनी तिथंच सुनावलं. मग त्या प्रेषितांकडं (स.) गेल्या. त्यांनी सांगितलं की उमर आणि त्यांच्या सोबत्यांची हिजरत एक, पण जहाजातून आलेल्या तुम्हा लोकांच्या दोन. बुखारी आणि मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. जहाजातले लोक नंतर घोळक्यानं अस्मा (रजि.) यांच्याकडं येऊन हीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायचे, असंही त्यात आलंय.

दूरवर दिवस काढून आलेल्या माणसाला काय ऐकायचं असतं, ते इथं कळतं. आपण गेलो, सोसलं, ते घरच्यांनी मोजलंय का, हे त्याला हवं असतं. माथाडी काम करून मुंबईहून पाटणला परतलेले चाचा असोत की कुवेतमध्ये ड्रायव्हर असलेला तासगावचा भाऊ, त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस तिकडच्याच कष्टाचे आहेत. आपण दारात केस मोजतो आणि कष्ट राहून जातात. पांढऱ्या केसांना हदीसमध्ये मोमिनाचा नूर म्हटलंय, हेही लक्षात असू द्यावं.

मग दारात करायचं काय?

पहिली दोन मिनिटं सांभाळली की बाकीचं आपोआप सांभाळलं जातं. माणूस बदललेला दिसला की डोळ्यांना धक्का बसतो आणि तो धक्काच तोंडातून बाहेर पडतो. त्या वेळेला बोलायचं वाक्य आधीच ठरलेलं असेल तर धक्का आत राहतो.

सुरुवात सलामनं करावी आणि सलामचं उत्तर पूर्ण द्यावं. आमच्या चाचीचं इथंच चुकलं. उत्तराच्या जागी शेरा आला. सलामचं उत्तर पूर्ण दिलं की दोन-तीन श्वास जातात, तेवढ्यात डोळे सावरतात. मग मुसाफहा करावा किंवा आपल्या रीतीप्रमाणं गळ्याला लावावं. प्रवासातून आलेल्याला सहाबा गळ्याला लावत, असं रिवायतींमध्ये आहे. गळ्याला लावताना "वजन वाढलं की" म्हणत पाठीवर थाप मारणं टाळायचं, एवढंच.

मग आनंदाचं एक वाक्य. "तू आई, घर भर गया." "कधीची वाट बघतोय तुझी." "अम्मा रोज तेरा नाम लेती थी." हे वाक्य येण्याबद्दल असावं, दिसण्याबद्दल नको. त्यानंतर वाटेची चौकशी करावी. गाडी वेळेवर होती का, बसायला जागा मिळाली का, पोरं झोपली का. मग पाणी, वजूची जागा, किब्ला कोणत्या बाजूला ते सांगावं. दमून आलेल्या माणसाला हीच मोठी खातिरदारी.

तासाभरानं, चहा झाल्यावर, एक मोकळा प्रश्न विचारावा. "तिकडं दिवस कसे गेले?" त्याला आजाराचं सांगायचं असेल तर यातून तो सांगेल. नसेल तर कामाचं, पोरांच्या शाळेचं बोलेल. निवड त्याची राहते.

घरात वडीलधारं कुणी असेल तर पाहुणा यायच्या आदल्या रात्रीच सगळ्यांना एक वाक्य सांगून ठेवावं, "उद्या कुणी तिच्या तब्येतीवर बोलायचं नाही." लहान मुलांना तर नक्कीच सांगावं. सहा-सात वर्षांचं पोर "तुमचं पोट एवढं मोठं का?" विचारतं ते मोठ्यांचं बोलणं ऐकूनच. आणि जुना फोटो काढून ताडून बघणं पूर्ण बंद. शेरा एकदा हसण्यावारी नेता येतो, फोटो हातोहात फिरतो.

काळजी खरी असेल तर?

कधी कधी माणूस खरोखर आजारी दिसतो. तेव्हा गप्प बसणंही बरोबर नाही. पण विचारायची जागा दिवाणखाना नव्हे. एकांतात, जवळच्या एकाच माणसानं, एकदाच विचारावं. "थकल्यासारखी वाटतेस, झोप होते का? मिरजेला दाखवायचं असेल तर मी येते सोबत." यात अंगाचं वर्णन नाही, मदत आहे. उत्तर नाही मिळालं तर पुन्हा खोदू नये. मात्र धाप लागतेय, चक्कर येतेय, पाणीही पोटात टिकत नाही असं दिसलं तर संकोच सोडून लगेच दवाखाना गाठावा. तिथं अदब आड आणू नये.

आणि बोलून गेलंच तर? "मस्करी केली गं, एवढं काय" असं म्हटलं की समोरच्याला दुसऱ्यांदा लागतं, कारण आता दुखावल्याचा दोषही त्याच्यावरच आला. त्याऐवजी बाजूला घेऊन छोटं बोलावं, "मघाशी चुकीचं बोललो, माफ कर." लांबण लावू नये, नाहीतर त्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

येणाऱ्यानंही एक उत्तर जवळ ठेवावं. "दवाई चालू है, दुआ करो" किंवा नुसतं "अल्हम्दुलिल्लाह, आप कैसे हैं?" आजाराचा हिशोब देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. आणि औषधानं चेहरा बदललाय असं वाटलं तर ती गोष्ट डॉक्टरांशी बोलावी, गोळी स्वतःहून तोडू नये.

आपा तीन वर्षांनी पुन्हा आली, मीरासाहेबांच्या उरुसाच्या वेळी. गोळ्या कमी झाल्या होत्या, चेहराही थोडा उतरला होता. आम्ही सगळे श्वास रोखून दाराकडं बघत होतो. चाची पुढं झाली, सलामचं उत्तर पूर्ण दिलं, तिला गळ्याला लावलं आणि म्हणाली, "आ गई गे बेटी. चल, चाय तयार है." चेहरा उतरला, बरी दिसतेस, यातलं काहीही ती बोलली नाही. आपा त्या खेपेला आठ दिवस राहिली.